उन्हात चुकणारे रुबिस्को

हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड पकडून त्याला साखरेच्या वाटेला लावणारे जे विकर, म्हणजे एन्झाइम, हिरव्या पानात असते, त्याचे नाव रुबिस्को. गव्हाचा दाणा, तुरीची डाळ, आंब्याचा गर, सागाचे लाकूड या सगळ्यांतला कार्बन कधी ना कधी याच विकराच्या हातून गेलेला असतो. एवढ्या मोठ्या जबाबदारीच्या मानाने त्याचे काम मात्र फार सावकाश चालते. पुष्कळ विकरे सेकंदाला शेकडो, काही तर हजारो रेणू हातावेगळे करतात. रुबिस्कोचा एक कामाचा कोपरा सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू पकडतो.

ही मंद गती भरून काढायला वनस्पतींना एकच उपाय सापडला: रुबिस्को भरपूर बनवायचे. गहू, भात, सोयाबीन यांच्या पानांतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी अर्ध्यापर्यंत भाग या एकाच प्रथिनाचा असू शकतो. त्यासाठी नत्र लागते. शेतकरी जो युरिया टाकतो, त्यातल्या पानापर्यंत पोचलेल्या नत्राचा साधारण पाव हिस्सा रुबिस्को बांधण्यातच खर्ची पडतो. पिकाची एवढी गुंतवणूक ज्या प्रथिनात आहे, ते प्रथिन गतीने मंद आहे आणि शिवाय चुकतेही. उन्हाचा पारा चढला की ही चूक आणखी वाढते.

चूक नेमकी कोणती, हे समजायला त्याचे रोजचे काम पाहावे लागते. हरितलवकात पाच कार्बनांची एक साखर तयार असते. रुबिस्को तिला आपल्या खाचेत धरून अशा अवस्थेत आणते की, समोर येणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडशी ती लगेच जोडली जावी. जोडणी झाली की सहा कार्बनांचा रेणू होतो आणि ताबडतोब तुटून तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे पडतात. या तुकड्यांपासून पुढे साखर, स्टार्च, तेल, प्रथिने असे सगळे काही बनते आणि थोडा माल पुन्हा पाच कार्बनांची साखर करण्यासाठी चक्रात परत जातो.

पण कार्बन डाय-ऑक्साइडला ओळखून आत घ्यावे अशी वेगळी जागा रुबिस्कोजवळ नाही. उतावीळ झालेली साखर खाचेत बसलेली असते आणि जवळ येणारा रेणू तिला थेट जाऊन भिडतो. तो रेणू ऑक्सिजनचा असेल तर तोही जोडला जातो. मग तीन कार्बनांचा एकच तुकडा मिळतो आणि दुसरा तुकडा दोन कार्बनांचा निघतो. हा दोन कार्बनांचा फॉस्फोग्लायकोलेट चक्रात कुठेच बसत नाही. उलट तो साचला तर चक्रातल्या इतर विकरांना अडवतो, म्हणून त्याची विल्हेवाट लावणे भागच पडते.

ही खोड जुनी आहे. रुबिस्को घडले त्या काळी पृथ्वीच्या हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि कार्बन डाय-ऑक्साइड आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. दोन वायूंत निवड करण्याची वेळच त्याच्यावर येत नव्हती. पुढे प्रकाशसंश्लेषणातूनच बाहेर पडलेला ऑक्सिजन हवेत साचत गेला. आजच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे आणि कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ०.०४२ टक्के, म्हणजे पाचशेला एक असे प्रमाण. त्या मानाने रुबिस्को बरेच नेमके वागते. हवेच्या या परिस्थितीत ते मुळात काम करू शकते, हेच आश्चर्य म्हणायला हवे.

वाया जाणारा तुकडा परत मिळवण्यासाठी पेशीला लांबचा फेरा घालावा लागतो. दोन कार्बनांचा तुकडा आधी हरितलवकातून बाहेर पडून पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या पिशवीत जातो. तिथे त्याच्यावर पुन्हा ऑक्सिजन खर्च होतो, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि तो लगोलग निकामी करावा लागतो. तुकड्याचे ग्लायसीन नावाचे अमिनो आम्ल होऊन ते तंतुकणिकेत जाते. तिथे दोन ग्लायसीन मिळून एक सेरीन बनते, आणि त्या घडामोडीत एक कार्बन डाय-ऑक्साइड व एक अमोनिया सुटतो. सेरीन पुन्हा पेरॉक्सिझोममधून हरितलवकात येते आणि शेवटी एकदाचा तीन कार्बनांचा उपयोगी तुकडा हाती लागतो. दोन चुकांमधून चार कार्बन बाहेर गेले होते. त्यांतले तीन परत आले, एक हवेत गेला.

गेलेला एक कार्बन म्हणजे सगळे नुकसान नव्हे. फेऱ्याच्या प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा लागते. सुटलेला अमोनिया पेशीला विषारी असतो आणि नत्र तर महागामोलाचे, म्हणून तो पुन्हा बांधून ठेवावा लागतो. मुळांनी त्या वेळात जेवढे नत्र शोषलेले असते, त्याच्या कितीतरी पट अमोनिया पानाला असा पुन्हा आवरावा लागतो. हिशेब केला तर एका चुकीमागे होणारा ऊर्जेचा खर्च एका यशस्वी पकडीइतकाच, किंबहुना किंचित जास्त भरतो. एका पकडीने एक कार्बन मिळतो. चुकीने अर्धा कार्बन गमावला जातो, वर खर्च तेवढाच होतो.

या सगळ्या फेऱ्याला प्रकाशश्वसन म्हणतात, कारण तो उजेडातच चालतो आणि श्वासाप्रमाणे त्यात ऑक्सिजन घेतला जातो व कार्बन डाय-ऑक्साइड सोडला जातो. पण साम्य तेवढ्यावरच संपते. खऱ्या श्वसनातून पेशीला ऊर्जा मिळते, प्रकाशश्वसनात ती खर्ची पडते.

शास्त्रज्ञांना याचा पत्ता तुकड्यातुकड्यांनी लागला. ऑटो वारबर्ग यांना १९२० मध्ये एका हिरव्या शेवाळात दिसले की ऑक्सिजन वाढवला की प्रकाशसंश्लेषण मंदावते. कारण मात्र कळले नाही. १९५५ मध्ये जॉन डेकर यांनी तंबाखूच्या पानावरचा दिवा अचानक मालवला, तेव्हा पानातून काही काळ कार्बन डाय-ऑक्साइडचा एक झोत बाहेर आला आणि मग तो ओसरला. साखरेची पकड उजेडाबरोबर थांबली होती, पण वाटेत असलेला दोन कार्बनांचा माल अजून फेरा पूर्ण करत होता. त्या झोताचा अर्थ तो होता. १९७१ मध्ये बोवेस, ऑग्रेन आणि हेगमन यांनी सोयाबीनमधले रुबिस्को घेऊन दाखवले की दोन कार्बनांचा तुकडा ऑक्सिजनमुळे, आणि याच विकराच्या हातून पडतो. विकराच्या लांबलचक शास्त्रीय नावात आता कार्बोक्सिलेज आणि ऑक्सिजनेज ही दोन्ही कामे शेजारी शेजारी लिहिली जातात. रुबिस्को हे त्याचेच आखूड रूप.

आता उन्हाकडे वळता येईल. तापमान वाढले की दोन गोष्टी एकदम बिघडतात. पहिली वायूंच्या विरघळण्याची. रुबिस्को पेशीतल्या पाण्यात काम करते, त्यामुळे पाण्यात काय किती विरघळले आहे यावर त्याचे भवितव्य ठरते. पाणी तापले की दोन्ही वायू कमी विरघळतात, पण कार्बन डाय-ऑक्साइड अधिक झपाट्याने कमी होतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उष्णतेत खुद्द रुबिस्कोची निवड ढिली पडते, कारण तापमानाबरोबर ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेचा वेग कार्बन डाय-ऑक्साइडशी होणाऱ्या क्रियेपेक्षा अधिक वाढतो.

गव्हाच्या एका पानाचा हिशेब मांडला की हे डोळ्यांसमोर उभे राहते. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत ४२० भाग कार्बन डाय-ऑक्साइड असेल, तर पर्णरंध्रे नीट उघडी असताना पानाच्या आतल्या पोकळीत तो २९० च्या आसपास राहतो. पान २५ अंशांवर असेल तर पेशीच्या पाण्यात एका कार्बन डाय-ऑक्साइडमागे ऑक्सिजनचे सुमारे २७ रेणू असतात. रुबिस्कोची कार्बन डाय-ऑक्साइडकडची ओढ नव्वद पटींहून थोडी अधिक असते. म्हणून त्याच्या प्रत्येक १०० पकडींपैकी ७७ बरोबर पडतात आणि २३ चुकतात. त्या २३ चुका निस्तरताना साडेअकरा कार्बन हवेत जातात. हाती निव्वळ ६५ ते ६६ कार्बन उरतात.

तेच पान ३५ अंशांवर गेले की पाण्यातले प्रमाण ३० ला एक होते आणि रुबिस्कोची ओढ नव्वदवरून साठीच्या घरात उतरते. आता १०० पैकी ६७ पकडी बरोबर, ३३ चूक. साडेसोळा कार्बन परत हवेत. निव्वळ मिळकत ५० च्या आसपास. दोन्ही वेळी १०० पकडींमागची ऊर्जा जवळजवळ सारखीच खर्च झाली, मिळकत मात्र सुमारे एक चतुर्थांशाने घटली. या दहा अंशांतल्या नुकसानीत विरघळण्यातल्या फरकाचा वाटा लहान आहे. मोठा वाटा विकराच्या ढिल्या निवडीचा आहे.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर हिशेब एकांगी होईल. उष्णतेने रुबिस्कोचा वेगही वाढतो, त्यामुळे भर उन्हातल्या वरच्या पानाला चुका होऊनही काही प्रमाणात भरपाई मिळते. पण पिकाच्या दाट छायेतली खालची पाने प्रकाशाच्या तुटवड्यात असतात. तिथे ऊर्जा मोजकी असते आणि तापमानाने ती वाढत नाही. चुकीवर गेलेली ऊर्जा तिथे सरळ तोट्यात जमा होते. शिवाय रुबिस्कोची खाच मोकळी करून त्याला कामावर ठेवणारे एक मदतनीस प्रथिन असते. गव्हासारख्या थंड हंगामाच्या पिकात तापमान तिशीच्या पुढे सरकले की तेच थकू लागते, आणि मग वाढलेल्या वेगाचा फायदाही हातचा जातो.

शेतात यात तिसरा घटक मिसळतो, तो पाण्याचा. महाराष्ट्रात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू फेब्रुवारीत दाणे भरतो. डिसेंबरात पेरलेला तेच काम मार्चच्या उन्हात करतो. दुपारी दोनच्या सुमारास अशा शेतात उभे राहिले की फरक बोटांना कळतो. नुकतीच पाण्याची पाळी दिलेल्या वाफ्यातले पान हाताला गार लागते, कारण पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते आणि पान हवेपेक्षा काही अंश थंड राहते. ओल संपत आलेल्या कडेच्या वाफ्यातले पान कडेने वळलेले असते आणि हाताला कोमट लागते. त्याने पाणी वाचवायला रंध्रे मिटून घेतली आहेत. त्यामुळे पान तापते, आणि त्याच वेळी आत येणारा कार्बन डाय-ऑक्साइडही आटतो. आतले प्रमाण २९० वरून २०० वर आले, तर ३५ अंशांवर १०० पैकी ५९ पकडी बरोबर आणि ४१ चूक पडतात. निव्वळ मिळकत ३८ ते ३९. थंड, ओल्या पानाची मिळकत ६५ होती, हे लक्षात ठेवले की उन्हाचा आणि पाण्याचा ताण एकत्र आला म्हणजे पिकाचे काय होते, याचा अंदाज येतो. दाण्यात चीक भरण्याच्या दिवसांत दिलेली पाण्याची पाळी मुळांची तहान भागवते, तशीच ती रुबिस्कोच्या चुकाही कमी करते.

पिकाची घट प्रकाशश्वसनामुळे झाली की आणखी कशामुळे, हे ओळखण्याची एक सरळ कसोटी आहे. जिवंत पान काचेच्या लहान कुपीत धरून त्यावरून नेहमीची हवा सोडायची आणि पान किती कार्बन डाय-ऑक्साइड घेते ते मोजायचे. मग बाकी सगळे तसेच ठेवून ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणायचा. गव्हाचे, भाताचे, सोयाबीनचे पान लगेच बरेच जास्त काम करू लागते. जेवढी वाढ दिसली, तेवढा प्रकाशश्वसनाचा तोटा. पान जितके गरम, तितकी ही वाढ मोठी. मक्याच्या पानावर हाच प्रयोग केला तर काटा जवळजवळ हलत नाही.

मका, ज्वारी, बाजरी आणि ऊस यांनी या चुकीवर आधीच तोड काढलेली आहे. उसाच्या पानात कार्बन पहिल्यांदा तीन कार्बनांच्या तुकड्यात न दिसता चार कार्बनांच्या आम्लात दिसतो, हे हवाईतल्या साखर-संशोधकांना आढळले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथल्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये त्याची पूर्ण वाट उलगडली. या पिकांत बाहेरच्या पेशी वेगळ्याच विकराने कार्बन डाय-ऑक्साइड पकडतात. त्या विकराला ऑक्सिजनची भूल पडत नाही. तयार झालेले चार कार्बनांचे आम्ल आत, शिरांभोवती कडे करून बसलेल्या पेशींत नेऊन तिथे कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा केला जातो. रुबिस्को फक्त त्या आतल्या पेशींत असते आणि त्याच्याभोवती कार्बन डाय-ऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कैक पटींनी दाटलेला असतो. तिथे चूक करायला वावच फारसा उरत नाही. ज्वारीचे पान उजेडासमोर धरले की शिरांच्या कडेने जो गडद हिरवा पट्टा दिसतो, तो या पेशींचाच.

दोन्ही प्रकारच्या पिकांतला फरक एका जुन्या प्रयोगात फार ठळकपणे दिसतो. हवाबंद पारदर्शक पेटीत मका आणि सोयाबीनची रोपे शेजारी शेजारी ठेवून त्यांना उजेड दिला जातो. दोन्ही रोपे पेटीतला कार्बन डाय-ऑक्साइड खात जातात. साधारण दहा लाखांत ५० भागांपर्यंत तो उतरला की सोयाबीन जेवढा घेते तेवढाच गमावू लागते. मका त्याच्याही खाली, जवळजवळ शून्यापर्यंत ओढत राहतो. सोयाबीनने चुकीपायी सोडलेला कार्बनही मकाच उचलतो. काही दिवसांत सोयाबीनची पाने पिवळी पडतात आणि रोप उपाशी मरते. कमी चुका करणारे एखादे सोयाबीन निसर्गतःच सापडेल, या आशेने या पद्धतीने असंख्य रोपे तपासली गेली. तसे एकही हाती लागले नाही.

अर्थात ज्वारीची ही युक्ती फुकट मिळत नाही. कार्बन आत वाहून न्यायला दर रेणूमागे जादा ऊर्जा लागते. थंडीत रुबिस्को फारसे चुकतच नसल्याने तो खर्च अंगावर पडतो, आणि म्हणूनच थंड प्रदेशात गहू-बार्लीचे राज्य आहे. ऊन वाढले की पारडे फिरते. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड आत दाटवता येत असल्यामुळे या पिकांना रंध्रे फार उघडावी लागत नाहीत. एक किलो कोरडा माल तयार करायला त्यांना गहू-सोयाबीनच्या साधारण निम्मे पाणी पुरते. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत नुसत्या साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी उभी राहते, त्यामागे खोल मुळे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आहे, तशीच पानातली ही रचनाही आहे. पण तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस, भात, गहू ही महाराष्ट्राची बाकीची मोठी पिके दुसऱ्या बाजूची, म्हणजे उन्हात चुकणारी आहेत.

हा तोटा शेताच्या पातळीवर किती, याचा अंदाज अमेरिकेत केला गेला आहे. बर्कली वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार प्रकाशश्वसनामुळे तिथल्या सोयाबीनचे उत्पादन सुमारे ३६ टक्क्यांनी आणि गव्हाचे सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. गव्हाचा आकडा लहान आहे, कारण गहू थंड महिन्यांत वाढतो. त्यालाच उन्हाच्या तोंडी दिले की ही सवलत संपते.

मग तापत्या जगात प्रकाशश्वसन वाढतच चालले आहे का? या प्रश्नाचे सरळ उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. तापमान एक अंशाने वाढले तर चुकांचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. पण हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड ५ टक्क्यांनी वाढला, तर तेवढ्याच चुका कमी होतात. औद्योगिक काळाच्या आधी तो दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या पुढे आहे. म्हणजे निम्म्याने वाढला. तेवढ्या काळात पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाहून थोडे अधिक चढले. निव्वळ सरासरीच्या हिशेबाने आजचे गव्हाचे पान पणजोबांच्या काळच्या पानापेक्षा कमी चुकते. या गणितावर बोट ठेवून कार्बन डाय-ऑक्साइड वाढला तर शेतीचे भलेच होईल, असेही काही जण म्हणतात.

पण पीक सरासरीवर वाढत नाही. दाणा भरण्याचे तीस-पस्तीस दिवस हेच त्याचे खरे दिवस, आणि त्या दिवसांत दुपारचे तापमान नेहमीपेक्षा पाच-सात अंशांनी चढले तर सरासरीतला फायदा त्या आठवड्यांना पुरत नाही. ३५ अंशांवरच्या पानाने २५ अंशांइतकेच कमी चुकावे असे वाटत असेल, तर बाहेरचा कार्बन डाय-ऑक्साइड ४२० वरून सुमारे ६९० वर जायला हवा. वरून ओल कमी असेल आणि रंध्रे मिटली, तर तेवढ्यानेही भागत नाही. इलिनॉय राज्यात उघड्या शेतात, पिकाभोवती नळ्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड सोडून सोयाबीनवर प्रयोग झाले आहेत. नुसता वायू वाढवला तेव्हा उत्पादन वाढले, पण बंदिस्त काचघरांतल्या प्रयोगांवरून जेवढी आशा होती त्याहून कमी. त्याच वायूबरोबर पिकावर तापवणारे दिवे लावून तापमान साडेतीन अंशांनी वाढवले, तेव्हा तो फायदा जवळजवळ पुसला गेला.

मार्च २०२२ हा भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. गहू तेव्हा उत्तरेत दाणे भरत होता. फेब्रुवारीत ११.१३ कोटी टनांचा असलेला सरकारी अंदाज मे महिन्यात १०.६४ कोटी टनांवर आणावा लागला आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. त्या वर्षी पंजाब-हरियाणातून बारीक, सुरकुतलेला दाणा बाजारात आला. या घटीचे सगळे खापर प्रकाशश्वसनावर फोडणे चुकीचे ठरेल. उष्णतेने गव्हाचे वय लवकर संपते, दाणा भरायला दिवसच कमी मिळतात. दाण्यात साखरेचा स्टार्च करणारी विकरेही उन्हात मंदावतात, आणि रात्री गरम असल्या की साधे श्वसन वाढून दिवसाची कमाई खाल्ली जाते. प्रकाशश्वसन या चौघांपैकी एक आहे. जगभरच्या अभ्यासांचा २०१७ मधला एक एकत्रित आढावा सांगतो की, वाढलेल्या वायूचा फायदा आणि शेतकऱ्यांचे बदललेले उपाय बाजूला ठेवले, तर तापमान एक अंशाने वाढल्यावर गव्हाचे उत्पादन सुमारे ६ टक्के, भाताचे व सोयाबीनचे सुमारे ३ टक्के आणि मक्याचे ७ टक्क्यांहून अधिक घटते. रुबिस्कोच्या चुकीपासून जवळजवळ मुक्त असलेला मकाच सर्वांत जास्त घटतो, हे पाहिले की उष्णतेचा मार किती वाटांनी येतो ते समजते. प्रकाशश्वसन संपवले म्हणजे उष्णतेचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी हा एक आकडा पुन्हा पुन्हा पाहावा.

तरी चूक कमी करण्याचे प्रयत्न जोरात आहेत. सर्वांत उघड वाट म्हणजे रुबिस्कोच सुधारणे, आणि तीच सर्वांत अवघड निघाली. काही लाल शेवाळांचे रुबिस्को पिकांपेक्षा बरेच नेमके असते, पण साधारणपणे विकर जितके नेमके तितके मंद, अशी अडचण आहे. शिवाय रुबिस्को हे सोळा तुकडे जोडून बनणारे बोजड प्रथिन आहे. परक्या जातीचे तुकडे पिकाच्या पेशीत नीट जुळतच नाहीत.

दुसरी वाट फेरा आखूड करण्याची. फेरा मुळातच बंद पाडणे शक्य नाही, हे १९७९ पासून सॉमरव्हिल आणि ऑग्रेन यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले होते. त्यांनी तयार केलेल्या, फेऱ्यातला एखादा टप्पा बिघडलेल्या रोपट्यांना एक टक्का कार्बन डाय-ऑक्साइडच्या हवेत काही होत नसे. साध्या हवेत आणली की ती मरत. म्हणून चूक झाल्यावर पडणारा तुकडा हरितलवकाच्या बाहेर जाऊच द्यायचा नाही, तिथेच त्याचे मोडतोड करून कार्बन डाय-ऑक्साइड रुबिस्कोशेजारीच मोकळा करायचा, असे ठरले. डोनाल्ड ऑर्ट यांच्या गटाने इलिनॉयमध्ये तंबाखूत हिरव्या शेवाळाचे एक आणि भोपळ्याचे एक जनुक बसवले, आणि तुकड्याला बाहेर नेणारे दारही अरुंद केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शेतात वाढवलेल्या या झाडांचे वजन साध्या झाडांपेक्षा ४० टक्क्यांहून अधिक भरले.

तंबाखू मात्र कुणी खात नाही, आणि पाने वाढणे म्हणजे दाणे वाढणे नव्हे. त्यामुळे पुढचा प्रयोग बटाट्यावर झाला. २०२२ च्या उन्हाळ्यात इलिनॉयच्या शेतात अशी बदललेली बटाट्याची झाडे लावली होती. हंगामाच्या सुरुवातीलाच उष्णतेची लाट आली आणि तापमान सलग काही दिवस ३५ अंशांच्या वर गेले. काढणीच्या वेळी त्या झाडांखालचे बटाटे शेजारच्या साध्या झाडांपेक्षा वजनाने सुमारे ३० टक्के जास्त निघाले. हा निष्कर्ष एका जागेचा आणि एका हंगामाचा आहे. कंद जमिनीखाली गारव्यात भरतो, गव्हाची ओंबी मात्र भर उन्हात असते. तिच्या दाण्यातला स्टार्च मंदावण्याचा प्रश्न या जनुकांनी सुटत नाही. भातात ज्वारीसारखी चार कार्बनांची संपूर्ण यंत्रणा बसवण्याचे कामही फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सुरू झालेल्या प्रकल्पातून पुढे चालले आहे. त्यात विकरांबरोबर पानाची अंतर्गत रचनाच बदलावी लागते, आणि ते काम अजून प्रयोगशाळेतच आहे.